दुसऱ्या हप्त्याचे मागणीपत्र: आकडे आधी जुळवा, मग पत्र लिहा

प्रश्न: आमची संस्था दिघा, तुर्भे स्टोअर आणि इंदिरानगर इथे मुलांचे तीन अभ्यासवर्ग चालवते. एका कंपनीच्या सीएसआरमधून वर्षाला १५ लाख मंजूर झाले आहेत, हप्ते ६ लाख, ६ लाख आणि ३ लाख असे. पहिला हप्ता २ एप्रिलला आला. करारात अट आहे की त्यातले ८० टक्के खर्च झाल्यावर, सीएचे प्रमाणपत्र आणि प्रगती अहवाल जोडून दुसरा हप्ता मागायचा. ३१ ऑगस्टपर्यंत ४ लाख ९३ हजार खर्च झाले आहेत, त्यात दिघ्याच्या नव्या खोलीचे २० हजार डिपॉझिट धरले आहे. जुनी खोली पावसात गळत होती म्हणून जुलैपासून बदलावी लागली, भाडेही ९ हजारांचे साडेअकरा झाले. तुर्भ्याची एक शिक्षिका मेअखेर सोडून गेल्याने जून-जुलैचे मानधन वाचले. पत्र कसे लिहावे? हे कमी-जास्त त्यात सांगावे की गप्प बसावे? सोबत खर्चाचा तक्ता देत आहोत.

उत्तर:

हे पत्र आज पाठवू नका. तुमच्या आकड्यांत एक अडचण आहे आणि ती कंपनीच्या लेखा विभागाला पहिल्या वाचनातच दिसेल.

डिपॉझिट हा खर्च नाही. ते घरमालकाकडे ठेवलेले तुमचे पैसे आहेत आणि खोली सोडताना परत येणार आहेत. ताळेबंदात ते 'येणे' म्हणून बसते, खर्चाच्या बाजूला नाही. तुमच्या ४,९३,००० मधून २०,००० वगळले की खरा खर्च ४,७३,००० राहतो. ६ लाखांचे ८० टक्के म्हणजे ४,८०,०००. तुम्ही ७८.८ टक्क्यांवर आहात, म्हणजे अट अजून पूर्ण झालेली नाही. सीए नीट पाहणारा असेल तर ४,९३,००० वर सही करणार नाही. त्याने केलीच, तरी कंपनीचे अंतर्गत लेखापरीक्षक खतावणीत 'डिपॉझिट' हा शब्द वाचून थांबतील. मग प्रश्न एका हप्त्यापुरता राहत नाही, तुमच्या पुढच्या प्रत्येक आकड्याकडे ते त्याच नजरेने बघतात.

यातून सरळ वाट निघते, कारण तुमचे मोठे खर्च महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतात. तुमच्या तक्त्यानुसार ५ सप्टेंबरला सहा शिक्षिकांचे ऑगस्टचे मानधन (५१,०००), समन्वयकाचा पगार (२२,०००) आणि तिन्ही खोल्यांचे सप्टेंबरचे भाडे (९,०००, ९,००० आणि ११,५००, मिळून २९,५००) जाते. एकूण १,०२,५००. हिशेबाची अखेरची तारीख ३१ ऑगस्टऐवजी ७ सप्टेंबर धरा. खर्च ५,७५,५०० होतो, म्हणजे ९५.९ टक्के. करारात तिमाहीअखेरचाच हिशेब द्यावा असे कलम नसेल, तर ही तारीख निवडण्याचा हक्क तुमचा आहे. फक्त ती एकदा ठरली की पत्र, सीएचे प्रमाणपत्र, खर्चाचा तक्ता, बँकेचा उतारा आणि प्रगती अहवाल या पाचही कागदांवर तीच असली पाहिजे. पत्र ३१ ऑगस्टचे, प्रमाणपत्र ७ सप्टेंबरचे आणि अहवाल 'सप्टेंबरअखेर' अशा संचातले आकडे एकमेकांशी कधीच जुळत नाहीत, आणि फाईल परत येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते.

ऑगस्टचे मानधन ३१ ऑगस्टच्या हिशेबातच 'देणे आहे' म्हणून धरता येईल का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. वार्षिक ताळेबंदात तसे धरतात. पण हप्त्यासाठीच्या विनियोग प्रमाणपत्रात प्रत्यक्ष दिलेली रक्कमच धरावी. कंपनीला बँकेतून गेलेले पैसे बघायचे असतात. देणे दाखवायचेच असेल तर तक्त्याखाली वेगळ्या ओळीत दाखवा, बेरजेत मिसळू नका.

कंपनीला एवढा काटेकोरपणा का हवा असतो

हे कळले की पत्रात काय लिहायचे ते आपोआप सुचते. २०२१ मध्ये सीएसआरचे नियम सुधारले गेले. तेव्हापासून दिलेला निधी मंजूर कामासाठी आणि मंजूर पद्धतीनेच वापरला गेला याची खात्री संचालक मंडळाने करून घ्यायची असते आणि वित्त प्रमुखाने तसे प्रमाणित करायचे असते. संस्थेच्या खात्यावर पैसे पाठवले म्हणून कंपनीचा सीएसआर खर्च पूर्ण झाला, असे होत नाही. तुम्ही ते पैसे वापरल्यावरच तो खर्च झाला असे धरले जाते. ३१ मार्चला रक्कम पडून राहिली तर कंपनीला ती विशेष खात्यात किंवा सरकारी निधीत वर्ग करावी लागते, आणि अहवालात तसे लिहावे लागते. म्हणून तुमचे पत्र वाचणाऱ्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात: आधीचे पैसे कुठे गेले याचा त्याच्या वित्त प्रमुखापुढे ठेवता येईल असा कागद, आणि पुढचे पैसे मार्चच्या आत वापरले जातील याचा भरवसा. मुलांचे भवितव्य, समाजाचे ऋण हे सगळे प्रस्तावात येऊन गेलेले असते. हप्त्याच्या पत्रात त्याला अर्धी ओळही देऊ नका.

डिपॉझिटचे काय करायचे

संस्थेच्या सर्वसाधारण निधीत २० हजार असतील तर ते प्रकल्पाच्या खात्यात भरा आणि डिपॉझिट संस्थेच्या नावावर घ्या. मंजूर अंदाजपत्रकात डिपॉझिटचे शीर्षच नसल्याने हाच सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. खतावणीत दोन्ही नोंदी दिसतील आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. तेवढे पैसे नसतील तर ते प्रकल्पातून दिले असे पत्रात सांगा, खर्चात धरलेले नाही असे लिहा, आणि वर्षाअखेर किंवा खोली सोडताना ते प्रकल्पाच्या खात्यात परत येईल हे लेखी द्या. खाली दिलेला मसुदा दुसरा मार्ग धरून लिहिला आहे, कारण तो लिहायला अवघड आहे.

त्यात बँकेतली शिल्लक नीट समजून घ्या. आलेले ६,००,०००, खर्च ५,७५,५००, म्हणजे न वापरलेली रक्कम २४,५००. त्यातले २०,००० घरमालकाकडे आहेत, म्हणून खात्यात ४,५०० असायला हवेत. प्रकल्पासाठी वेगळे बचत खाते असेल तर जूनअखेर तिमाहीचे व्याज जमा झाले असेल. ते २,९०० आहे असे धरू. मग रोजकीर्दीप्रमाणे शिल्लक ७,४०० येते. आता बँकेचा उतारा काढला तर त्यात १८,९०० दिसू शकतात. फरक ११,५०० चा, म्हणजे दिघ्याच्या मालकाने सप्टेंबरच्या भाड्याचा धनादेश अजून भरलेला नाही. हे एका ओळीत जुळवणीपत्रकात लिहून उताऱ्याला टाचा. तसे केले नाही तर कंपनीचा लेखापाल उताऱ्यावरचे १८,९०० आणि तुमच्या तक्त्यावरचे ७,४०० शेजारी ठेवून फोन करेल, आणि त्या फोनपर्यंत तुमची फाईल त्याच्या टेबलावर आठवडाभर पडून असेल.

व्याज खर्चातून वजा करू नका आणि हप्त्याच्या रकमेतही मिसळू नका. वेगळी ओळ, आणि ते याच प्रकल्पात वापरले जाईल एवढे वाक्य पुरते.

कमी-जास्त खर्च सांगायचा का

सांगायचाच. कंपनी तक्त्यावरून ते काढणारच आहे. तिने विचारण्याआधी तुम्ही कारण आणि आकडा दिला तर तो खुलासा राहतो. तिने विचारल्यावर दिला तर ती सारवासारव वाटते.

मात्र सांगताना आजपर्यंतचा फरक न देता वर्षअखेरचा फरक द्या, कारण निर्णय त्यावर होतो. भाडे महिन्याला २,५०० ने वाढले, जुलै ते मार्च नऊ महिने, म्हणजे वर्षाअखेर २२,५०० जास्त. मंजूर ३,२४,००० वर ते ६.९ टक्के होते. बऱ्याच करारांत एका शीर्षातून दुसऱ्यात १० टक्क्यांपर्यंत रक्कम वळवायला परवानगी लागत नाही, फक्त कळवावे लागते. तुमचा करार काढून ते कलम वाचा. ते नसेल किंवा मर्यादा ५ टक्के असेल, तर या पत्रातच 'मंजुरी मिळावी' अशी विनंती करा आणि मंजुरी येईपर्यंत वाढीव भाड्यापैकी मर्यादेबाहेरची रक्कम संस्थेच्या निधीतून द्या. मर्यादा ओलांडून मग मंजुरी मागणे कंपन्यांना अजिबात आवडत नाही.

२२,५०० कुठून येणार तेही लिहा. दोन महिन्यांचे वाचलेले मानधन १७,०००, उरलेले ५,५०० साहित्य व प्रशिक्षण या शीर्षातून. एकूण १५ लाखांत बदल नाही. हे शेवटचे वाक्य विसरू नका, वाचणारा तेच शोधत असतो.

तुमच्या तक्त्यात मला याहून जास्त खटकली ती गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. साहित्य व प्रशिक्षणासाठी १,८०,००० मंजूर आहेत आणि पाच महिन्यांत ३८,००० गेले. हे २१ टक्केच आहेत. प्रशासनातही १,२०,००० पैकी २०,०००. पगार आणि भाडी वेळेवर जातात पण मुलांच्या हातात पुस्तके येत नाहीत, असा अर्थ तिथून कोणीही काढेल. खरे कारण असेल ते द्या. शिक्षिका बदलल्याने जूनचे प्रशिक्षण पुढे गेले असेल, दुसऱ्या सत्राचे साहित्य नोव्हेंबरात घ्यायचे असेल, तर तसे आणि कोणत्या महिन्यात किती लागणार ते लिहा. कारण नसेल तर आधी खरेदीचा निर्णय घ्या, मग पत्र लिहा.

पत्राचा मसुदा

एका पानात बसले पाहिजे, तक्त्यासह फार तर दीड. कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालत असेल तर पत्र इंग्रजीत द्या, पण रचना हीच ठेवा. कामाचे आकडे, म्हणजे पट, उपस्थिती आणि चाचणी, मी नमुन्यादाखल घातले आहेत. तिथे तुमचे घाला.

> (संस्थेचे लेटरहेड, सार्वजनिक न्यास नोंदणी क्र. व सीएसआर नोंदणी क्र.)
>
> जावक क्र. ____  दिनांक: १० सप्टेंबर
>
> प्रति,
> मा. प्रमुख, सीएसआर विभाग,
> (कंपनीचे नाव व पत्ता)
>
> विषय: अभ्यासवर्ग प्रकल्पाच्या दुसऱ्या हप्त्याची (रु. ६,००,०००) मागणी.
>
> संदर्भ: आपल्यातील करारनामा दि. ____, कलम ____; पहिल्या हप्त्याची पावती क्र. ____, दि. २ एप्रिल.
>
> महोदय / महोदया,
>
> वरील करारानुसार दुसऱ्या हप्त्याची रक्कम रु. ६,००,००० (अक्षरी रुपये सहा लाख फक्त) मिळावी, ही विनंती. पहिल्या हप्त्यातील रु. ६,००,००० पैकी ७ सप्टेंबरपर्यंत रु. ५,७५,५०० (९५.९ टक्के) खर्च झाले असून ८० टक्के विनियोगाची अट पूर्ण झाली आहे. पुढील मानधन व भाडे ५ ऑक्टोबरला देय आहे (रु. १,०२,५००). प्रकल्पाच्या खात्यात रु. ७,४०० शिल्लक असल्याने त्यापूर्वी रक्कम मिळाल्यास वर्ग अखंड चालू राहतील.
>
> | शीर्ष | वर्षासाठी मंजूर (रु.) | ७ सप्टेंबरपर्यंत खर्च (रु.) | उर्वरित (रु.) |
> |---|---|---|---|
> | शिक्षिकांचे मानधन | ६,१२,००० | २,३८,००० | ३,७४,००० |
> | समन्वयक | २,६४,००० | १,१०,००० | १,५४,००० |
> | जागाभाडे | ३,२४,००० | १,६९,५०० | १,५४,५०० |
> | साहित्य व प्रशिक्षण | १,८०,००० | ३८,००० | १,४२,००० |
> | प्रशासन | १,२०,००० | २०,००० | १,००,००० |
> | एकूण | १५,००,००० | ५,७५,५०० | ९,२४,५०० |
>
> पहिल्या हप्त्यातील अखर्चित रक्कम रु. २४,५००. त्यापैकी रु. २०,००० दिघा येथील नव्या जागेची अनामत म्हणून घरमालकाकडे आहेत. ही रक्कम खर्चात धरलेली नाही आणि वर्षाअखेर किंवा जागा सोडताना, जे आधी होईल तेव्हा, प्रकल्पाच्या खात्यात जमा केली जाईल. बचत खात्यावरील व्याज रु. २,९०० वेगळे दाखवले असून ते याच प्रकल्पात वापरले जाईल.
>
> फरकांबाबत: दिघा येथील जुन्या खोलीत पावसाचे पाणी गळू लागल्याने वर्ग १ जुलैपासून नव्या जागेत भरतो. मासिक भाडे रु. ९,००० वरून रु. ११,५०० झाले. वर्षाअखेर या शीर्षात रु. २२,५०० (६.९ टक्के) जास्त लागतील. तुर्भे स्टोअर केंद्रातील एक जागा जून व जुलैमध्ये रिकामी असल्याने वाचलेले रु. १७,००० आणि साहित्य व प्रशिक्षणातील रु. ५,५०० यांतून ते भागवले जातील. एकूण मंजूर रकमेत बदल नाही. जूनचे शिक्षिका प्रशिक्षण नव्या शिक्षिकेच्या नेमणुकीनंतर, ऑक्टोबरमध्ये घेण्याचे ठरले आहे. दुसऱ्या सत्राचे साहित्य नोव्हेंबरमध्ये घेतले जाईल.
>
> झालेले काम: तीन केंद्रांत ११३ मुले पटावर आहेत (उद्दिष्ट १२०). जून ते ऑगस्टची सरासरी उपस्थिती ७८ टक्के. तुर्भे स्टोअर केंद्रात शिक्षिका नसलेल्या दोन महिन्यांत ती ६४ टक्क्यांवर आली होती. जुलैमध्ये १०४ मुलांची वाचन चाचणी घेतली. त्यांतील ३७ मुलांना पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचता आला. फेरचाचणी नोव्हेंबरमध्ये होईल.
>
> दुसऱ्या हप्त्याचा वापर (ऑक्टोबर ते फेब्रुवारी): मानधन व समन्वयक रु. ३,६५,०००, भाडे रु. १,४७,५००; साहित्य व प्रशिक्षण रु. ५५,०००, प्रशासन रु. ३२,५००; एकूण रु. ६,००,०००.
>
> सोबत: १) सीएचे विनियोग प्रमाणपत्र (यूडीआयएनसह) २) शीर्षनिहाय खर्चपत्रक ३) बँक उतारा व जुळवणीपत्रक ४) प्रगती अहवाल ५) रद्द केलेला धनादेश.
>
> आपले,
> (अध्यक्ष / सचिव) (खजिनदार)

मागणी पहिल्याच वाक्यात आहे, आकड्यासह. पाहणाऱ्याने फक्त पहिला परिच्छेद वाचला तरी त्याला किती, कोणत्या कलमाखाली, अट पूर्ण झाली का आणि कधीपर्यंत, हे चारही कळते. प्रकल्पाची ओळख करून देत सुरू होणारी पत्रे लोक शेवटपासून वाचायला लागतात.

५ ऑक्टोबर आणि ७,४०० हे दोन आकडे शेजारी ठेवले आहेत. 'निधीची अत्यंत निकड आहे' असे लिहिण्यापेक्षा हे जास्त काम करते.

तुर्भ्याची ६४ टक्के उपस्थिती झाकलेली नाही. तिथे मानधन वाचले हे तुम्ही वरच्या परिच्छेदात सांगता, मग त्या दोन महिन्यांत वर्गाचे काय झाले हा प्रश्न आपोआप येतो. वाचलेला पैसा सांगायचा आणि त्याची किंमत मुलांनी कशी मोजली ते सांगायचे नाही, हे बरोबर नाही. वाचन चाचणीतही तसेच. एकच चाचणी झाली असेल तर तिच्यावरून 'प्रगती' म्हणू नये. जुलैचा आकडा हा पाया आहे, फरक नोव्हेंबरात कळेल. १०४ हा आकडाही तसाच ठेवा. त्या दिवशी नऊ मुले आली नव्हती, म्हणून ११३ मधल्या ३७ असे लिहून टक्केवारी बदलू नका.

वापराचा परिच्छेद सहा लाखांवर तंतोतंत बसतो तो असा: ७३,००० च्या पाच पाळ्या म्हणजे ३,६५,०००, भाड्याच्या २९,५०० च्या पाच पाळ्या म्हणजे १,४७,५००, आणि उरलेल्या ८७,५०० मध्ये साहित्य व प्रशासन. शेवटच्या ३ लाखांच्या हप्त्यात आणि आत्ताच्या अखर्चित २४,५०० मध्ये मिळून मार्चमध्ये दोन महिन्यांचे मानधन, मार्चचे भाडे आणि बाकीचे साहित्य व प्रशासन बसते. मार्चचे मानधन नेहमीप्रमाणे ५ एप्रिलला न देता ३१ मार्चच्या आत द्या. नाहीतर ७३,००० वर्षाबाहेर जातील आणि कंपनीला ते न वापरलेले दिसतील.

सीएकडे जाताना

प्रमाणपत्राला यूडीआयएन हवाच. हा अठरा आकडी-अक्षरी क्रमांक सीए त्यांच्या संस्थेच्या पोर्टलवर तयार करतात आणि कंपनी तिथेच तो तपासते. तपासताना तिला तिथे भरलेल्या रकमाही दिसू शकतात, म्हणून तुमच्या कागदावरची रक्कम आणि तिथली रक्कम एक असल्याची खात्री सही घेतानाच करा. प्रमाणपत्रावर नंतर हाताने खाडाखोड केली की ते निरुपयोगी होते. दुरुस्ती लागली तर नवे घ्या.

सीएला फक्त तक्ता पाठवू नका. खतावणी, बँक उतारा आणि पाचही शीर्षांची बिले-पावत्या घेऊन जा. प्रत्येक मूळ बिलावर 'या प्रकल्पाच्या निधीतून दिले' असा शिक्का मारलेला असावा. तेच बिल दुसऱ्या देणगीदाराच्या हिशेबात जाऊ नये म्हणून हा शिक्का आहे. तुमचे तीन वर्ग एकाच निधीवर चालत असले तरी समन्वयक संस्थेचे दुसरे कामही बघत असेल, तर त्याचा पूर्ण पगार इथे कसा, हे विचारले जाऊ शकते. त्याचे उत्तर हजेरीपत्रकात असायला हवे.

मानधन बँकेतून दिले असेल तर फार कागद लागत नाहीत. रोख दिले असेल तर सही केलेले व्हाउचर लागते, आणि पाच हजारांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचे महसूल तिकीट लावावे लागते. साडेआठ हजारांचे मानधन रोखीने देत असाल तर पुढच्या महिन्यापासून खात्यावर द्या. पैसे नेमके कोणाला मिळाले हे रोखीत दाखवणे नेहमीच कठीण जाते.

पाठवताना आणि नंतर

ईमेलने एकच पीडीएफ पाठवा, कागद जोडण्यांच्या क्रमानेच, आणि मूळ संच कंपनीत नेऊन दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. सात-आठ वेगवेगळ्या फाइली पाठवल्या की त्यातली एक तरी पुढे सरकवताना गळते. बँक खाते आधीचेच असेल तर तसे ईमेलमध्ये लिहा. बदलले असेल तर कंपनीत खात्याची नोंद नव्याने होते आणि हप्ता त्यावर अडतो, म्हणून ते काम पत्राच्या आधी उरका. सह्या बदलल्या असतील, नवे खजिनदार आले असतील, तर ठरावाची प्रत जोडा.

वेळेचा अंदाज असा बांधा. सीएसआर विभाग कागद बघतो, शंका विचारतो, मग वित्त विभागाकडे पाठवतो, तिथून मंजुरी आणि मग बँक. सगळे कागद जुळले तरी दोन ते तीन आठवडे सहज जातात. त्यात ३० सप्टेंबरला सहामाही संपते, शेवटचे आठ दिवस लेखा विभाग हिशेब बंद करण्यात गुंतलेला असतो आणि मध्ये गणपती असतील तर सुट्ट्याही येतात. १० तारखेला पत्र पोहोचले तर ५ ऑक्टोबर गाठता येते. २० ला पोहोचले तर बहुधा नाही. पोहोच घेतल्यावर पाच कामाच्या दिवसांनी 'काही कागद कमी आहे का?' एवढाच फोन करा. पैसे कधी येतील असे विचारले की समोरच्याकडे उत्तर नसते, कागद कमी आहे का हे मात्र तो लगेच सांगू शकतो.

तरीही रक्कम ५ ऑक्टोबरपर्यंत आली नाही, तर मानधन संस्थेच्या निधीतून द्या आणि रोजकीर्दीत 'प्रकल्पाला हातउसने' अशी नोंद त्याच दिवशी करा. हप्ता आल्यावर ती रक्कम बँकेतूनच परत घ्या. मानधन प्रकल्पाचा खर्च म्हणून ५ ऑक्टोबरच्या तारखेनेच धरले जाईल, आणि परतफेड खर्चात दिसणार नाही. ही नोंद मागाहून केली तर पुढच्या सीएच्या प्रमाणपत्रात तेच मानधन एकदा मानधन म्हणून आणि एकदा परतफेड म्हणून, असे दोनदा येण्याची शक्यता असते.